बोटाआधी चेहरा तपासा

मोबाइलमधल्या अ‍ॅपने जुना फोटो ‘क्लिअर’ करून दिला आणि मांडीवर ठेवलेल्या हाताला सहावं बोट फुटलं, तर त्यावरचा उपाय आता सगळ्यांना पाठ झाला आहे. तेवढा भाग निवडायचा, पुसायचा, अ‍ॅपकडूनच नवा हात काढून घ्यायचा आणि पाच बोटं नीट दिसेपर्यंत हे करत राहायचं. अहिल्यानगरच्या पुणे रस्त्यावर केडगावात, किंवा कुठल्याही गावच्या फोटो-फ्लेक्सच्या दुकानात, दशक्रियेच्या आदल्या रात्री आलेल्या फोटोवर हेच काम चालतं. बोट सरळ झालं की फोटो ‘ओके’ होतो आणि प्रिंटला जातो.

ही समजूत उथळ आहे आणि तिच्यामुळे घराघरांतल्या भिंतींवर चुकीची माणसं लागत आहेत, असं माझं ठाम मत आहे. बिघडलेलं बोट हा त्या फोटोतला एकमेव दोष नसतो. अ‍ॅपने सगळ्या फोटोभर जे अंदाज बांधलेले असतात, त्यांतला तो आपल्याला ओळखू येणारा एक अंदाज असतो. तेवढंच बोट सुधारलं तर बाकीचे अंदाज तसेच राहतात आणि त्यांच्याकडे लक्ष वेधणारी खूण मात्र पुसली जाते. म्हणून दुरुस्ती करायची तर नवं बोट बनवून करू नये. मूळ फोटोकडे परत जाऊन करावी. आणि बोटाला हात लावण्याआधी चेहरा तपासावा.

एक फोटो समोर धरू

मुद्दा हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेतो. ते कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट अशा कामात नेहमी भेटणारी आहे. नव्वदच्या दशकातला चार बाय सहा इंचाचा रंगीत फोटो. एक आजी लाकडी खुर्चीवर बसल्या आहेत, दोन्ही हात मांडीवर एकमेकांवर ठेवलेले, मनगटात हिरव्या बांगड्या आणि पाटल्या, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर कुंकवाखाली गोंदणाचा ठिपका. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक कडबाकुट्टीत गेलेलं. आजी वारल्या आहेत. नातवाने अल्बममधल्या या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि बारा बाय अठरा इंचाची फ्रेम हवी म्हणून सांगितलं.

दुकानात तो अ‍ॅपमधून काढला. चेहरा लखलखीत झाला, पण डाव्या हाताला सहा बोटं आली आणि बांगड्या वितळून स्प्रिंगसारख्या गुंतल्या. आता या फोटोत नेमकं काय झालं ते टप्प्याटप्प्याने पाहू.

१. बोट का बिघडतं

‘ए.आय.ला हात काढता येत नाहीत’ हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. ते अगदीच खोटं नाही. हात हा अवघड विषय आहेच: एका हाताच्या बोटांत चौदा हाडं असतात, अंगठ्यात दोन आणि बाकीच्या प्रत्येक बोटात तीन, ती हवी तशी वळतात आणि एकमेकांना झाकतात. पण जुन्या फोटोच्या बाबतीत खरं कारण त्याआधीच घडलेलं असतं, आणि ते मोजून दाखवता येतं.

आजींची बसलेली आकृती फोटोत साधारण साडेचार इंच उंच आहे. म्हणजे प्रिंटवरचा एक इंच हा प्रत्यक्षातले अठ्ठावीसेक सेंटिमीटर. दीड सेंटिमीटर रुंदीचं बोट प्रिंटवर जेमतेम १.४ मिलिमीटर भरतं. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. नातवाच्या फोटोत अल्बमचं पान आणि आजूबाजूची सतरंजीही आली आहे. प्रिंटने चौकटीच्या लांबीचा दोन तृतीयांशच भाग व्यापला आहे. हिशेब केला तर एका बोटाच्या रुंदीच्या वाट्याला नऊ-दहा पिक्सेल येतात, आणि दोन बोटांमधल्या सावलीच्या रेषेला एक किंवा दोन.

त्यात जेपीईजी फाइल चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील छाटत जाते. म्हणजे आजींच्या बोटाची अख्खी रुंदी जवळपास एका चौकोनाएवढी आहे. दोन बोटांना वेगळं करणारी ती बारीक रेषा आधी इथे मरते. अ‍ॅपच्या हाती येतो तो कातडीच्या रंगाचा एक पट्टा आणि त्यावर तीन-चार अर्धवट काळसर डाग. त्यातून त्याला धारदार हात तयार करायचा असतो. कुठला डाग दोन बोटांमधली फट आणि कुठला बांगडीची सावली, हे ठरवायला त्याच्याजवळ काही आधारच नाही. तो एक फट जास्त धरतो आणि सहावं बोट जन्माला येतं. बांगड्यांचंही तेच: त्या ठरावीक अंतराने उभ्या असलेल्या बारीक रेषा आहेत, आणि कुठली रेषा कुठे संपते हे न दिसल्यामुळे अ‍ॅप त्या एकमेकींत ओवून टाकतं.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. जिथे बोट बिघडलं आहे, तिथे अ‍ॅपला मिळालेल्या फाइलमध्ये माहितीच नव्हती. तीच फाइल देऊन पुन्हा पुन्हा नवा हात मागितला तर दर वेळी नवा अंदाज मिळेल. दहाव्या खेपेला मिळालेली पाच सुबक बोटंसुद्धा आजींची नसतील. पहिल्या खेपेच्या सहा बोटांइतकीच ती काल्पनिक असतील.

२. तोच अंदाज चेहऱ्यावरही चाललेला असतो

इथे दुकानदार म्हणेल, हात बिघडला खरा, पण चेहरा बघा किती छान आला. नेमकी इथेच गफलत आहे.

अशा अ‍ॅपच्या मुळाशी असलेली पद्धत संशोधकांनी उघड प्रसिद्ध केली आहे. २०२१ मधलं जीएफपीगॅन आणि २०२२ मधलं कोडफॉर्मर ही तिची बहुचर्चित उदाहरणं. पद्धत अशी: फोटोत चेहरा शोधायचा, तेवढा तुकडा कापून सरळ करायचा, ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा करायचा, चेहऱ्यांवरच शिकवलेल्या प्रणालीकडून तो नव्याने रचून घ्यायचा आणि परत जागेवर चिकटवायचा. बाकीचा फोटो, म्हणजे हात, लुगडं, खुर्ची, हे सगळं वेगळ्या, सर्वसाधारण मोठं करणाऱ्या प्रणालीकडे जातं. एकाच फोटोत चेहरा एखाद्या जाहिरातीतला आणि हात मेणाचा का दिसतो, याचं उत्तर या विभागणीत आहे. चेहऱ्यासाठी खास कारागीर आहे, हातासाठी नाही.

पण चेहऱ्याच्या कारागिरालाही आजी माहीत नाहीत. तो चेहरे शिकला ते मुख्यतः एफएफएचक्यू नावाच्या संग्रहावरून. एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी फ्लिकर या संकेतस्थळावरच्या फोटोंतून जमवलेले हे ७०,००० चेहरे आहेत. त्यात जे वारंवार दिसतं ते त्याला ‘चेहरा’ म्हणून माहीत आहे. आजींचा चेहरा नातवाच्या फोटोत हनुवटीपासून डोक्यापर्यंत सुमारे १४० पिक्सेलचा आहे आणि गोंदणाचा ठिपका तीन पिक्सेलचा. फ्लिकरवरच्या चेहऱ्यांत कपाळावर हिरवट ठिपका असतो कुठे? प्रणालीच्या दृष्टीने तो डाग आहे, आणि डाग घालवणं हेच तिला शिकवलेलं आहे. गोंदण जातं. जड कुड्यांनी ओघळलेली कानाची पाळी वर चढते. किंचित उघड्या ओठांमध्ये सावली होती, तिथे दातांची पांढरी ओळ येते. मग आजींना दात होते की नव्हते, याचा कुणी विचार करत नाही.

ही शक्यता किती टोकाला जाऊ शकते हे २०२० साली जगाने पाहिलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची पद्धत मांडली होती. अतिशय लहान, ठोकळ्याठोकळ्यांचा चेहरा दिला की ती असा स्पष्ट चेहरा शोधून देई, जो लहान केल्यावर त्याच ठोकळ्यांसारखा दिसेल. कुणीतरी तिला बराक ओबामांचा ठोकळ्यांचा फोटो दिला. तिने एक गोरा माणूस काढून दिला. तो चेहरा लहान केला की दिलेल्या ठोकळ्यांशी जुळत होताच. पद्धतीने तिच्या नियमानुसार काम चोख केलं होतं. अडचण अशी की लहान चित्रात बसणारे मोठे चेहरे हजारो असतात, आणि त्यांतला खरा कोणता हे लहान चित्र सांगू शकत नाही. आजींच्या फोटोत ठोकळे नाहीत, १४० पिक्सेल आहेत. त्यामुळे बिघाड तेवढा भयंकर होणार नाही. पण जात तीच आहे.

मग चेहऱ्यातली चूक आपल्याला दिसत का नाही? हाताची चूक मोजता येते. पाचाची सहा झाली हे पोरालाही कळतं. ओठांचा कोपरा दोन मिलिमीटर वर गेला, डोळ्यांच्या पापण्या सारख्या झाल्या, हे मोजता येत नाही. आणि नवा चेहरा तर कुठल्याही माणसाचा म्हणून अगदी पटण्यासारखा असतो. ज्याने आजींना कधी पाहिलंच नाही, त्या दुकानदाराला तो बरोबर वाटणारच.

या प्रणाली बनवणाऱ्यांना हा पेच चांगला ठाऊक आहे. कोडफॉर्मरमध्ये शून्य ते एक असा एक आकडा वापरणाऱ्याच्या हाती ठेवला आहे. तो शून्याकडे नेला तर चेहरा जास्त चकचकीत येतो, एकाकडे नेला तर मूळ फोटोशी जास्त इमानी राहतो. म्हणजे चकाकी आणि इमान एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, हे तिथे उघड मान्य केलेलं आहे. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा एकच बटण असतं आणि ते चकाकीकडे झुकलेलं असतं, कारण गिऱ्हाईक तीच बघून खूश होतं.

३. पाच बोटं म्हणजे बरोबर हात, असं नाही

आपल्या उदाहरणात सगळ्यांचं लक्ष डाव्या हाताच्या सहाव्या बोटाकडे गेलं. उजव्या हाताकडे कुणी बघितलंच नाही, कारण तो हात व्यवस्थित दिसतो. तो जरा जास्तच व्यवस्थित आहे. कडबाकुट्टीत गेलेलं तर्जनीचं टोक अ‍ॅपने परत लावून दिलं आहे, नखासकट.

माझ्या मते सगळ्या फोटोतली ही सर्वांत गंभीर चूक आहे, आणि ‘पाच बोटं मोजा’ या नियमाने ती कधीच सापडणार नाही. आपल्या भागात कडबाकुट्टीत किंवा कारखान्यातल्या प्रेसखाली बोट गेलेली माणसं घरोघर नसली तरी गावोगाव आहेत. जन्मतःच सहा बोटं असणारी माणसंही असतात. उलट, एकावर एक ठेवलेल्या हातांत खालच्या हाताची तीनच बोटं दिसणं अगदी स्वाभाविक आहे. तिथे पाच दिसली तर तीच चूक. बोटं किती असायला हवीत याचं उत्तर शरीरशास्त्राच्या पुस्तकात नसतं. ते त्या फोटोत आणि त्या माणसाच्या घरच्यांजवळ असतं. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने हातात ब्रश घेण्याआधी फोन उचलून नातवाला विचारावं: आजींच्या हाताला काही झालं होतं का, दात होते का, गोंदण कुठे कुठे होतं?

४. दुरुस्ती करायची तर मागे जायचं

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. पहिलं काम संगणकावरचं नाहीच. नातवाला सांगावं, अल्बममधला फोटो घेऊन ये. तो हलक्या हाताने बाहेर काढून, पुसून, साध्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करावा. त्या स्कॅनमध्ये आजींच्या बोटाला नऊ-दहाऐवजी बत्तीस पिक्सेल मिळतात, आणि बोटांमधली ती मेलेली रेषा पुन्हा दिसू लागते. याहून जास्त डीपीआय वाढवून कागदी प्रिंटमधून फारसं नवं निघत नाही, कारण कागदावरच तेवढा तपशील नसतो. पण त्या काळचं निगेटिव्ह सापडलं तर सोन्याहून पिवळं. प्रिंटमध्ये हरवलेल्या कितीतरी गोष्टी त्यात असतात.

आता एक हिशेब. चार बाय सहाचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. बारा बाय अठरा इंचावर ते छापले तर इंचाला २०० पिक्सेल पडतात. भिंतीवरच्या फ्रेमसाठी हे पुरेसं आहे. अ‍ॅपची गरजच उरत नाही. चांगल्या डोळ्यालाही दोन मीटर अंतरावरून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही, आणि इथे एक पिक्सेल मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा आहे. दुकानात फोटो मॉनिटरवर चार पट मोठा करून, नाक लावून बघतात आणि ‘फाटतोय’ म्हणतात. फ्रेमकडे असं कुणी बघत नाही. निम्मे फोटो अ‍ॅपमध्ये जातात ते या चुकीच्या अंतरावरून बघितल्यामुळे, असं मला वाटतं.

अल्बम सापडत नाही, व्हॉट्सअ‍ॅपची फाइल हाच एकमेव आधार आहे आणि घरच्यांना चेहरा थोडा तरी उजळ हवा आहे, असं धरू. तेव्हा अ‍ॅपने दिलेला फोटो वापरावा, पण मूळ फाइलच्या पहाऱ्याखाली.

फोटोशॉप असो की फुकट मिळणारं गिम्प, पद्धत एकच. मूळ फाइल साध्या रीतीने मोठी करून अ‍ॅपच्या फोटोएवढ्याच मापाची करावी. ती खालच्या लेयरवर ठेवावी, अ‍ॅपचा फोटो वरच्या लेयरवर, आणि दोन्ही तंतोतंत जुळवावेत. मग वरच्या लेयरचा ब्लेंडिंग मोड Difference करावा. दोन्हींत जिथे काही फरक नाही तिथे काळं दिसतं, जिथे फरक आहे तिथे उजेड. चित्र फार काळोखं वाटलं तर Levels ने थोडं उजळून घ्यावं.

हे चित्र वाचायला शिकणं हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. आकृतीच्या कडेकडेने केसासारख्या बारीक उजळ रेषा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. अ‍ॅपने कडा धारदार केल्या, एवढाच त्याचा अर्थ. सगळा चेहरा एकसारखा मंद उजळ दिसला तर रंग किंवा उजेड बदलला आहे. पण जिथे कडेशी संबंध नसलेला ठसठशीत डाग दिसतो, तिथे अ‍ॅपने काहीतरी नवं घातलं आहे किंवा असलेलं काढून टाकलं आहे. आजींच्या फोटोत असे डाग कुठे दिसतील? डाव्या हातावर, ते तर माहीतच होतं. शिवाय उजव्या तर्जनीच्या टोकाशी, कपाळावर, ओठांमध्ये आणि कानाच्या पाळीवर. बिघडलेल्या एका बोटाने सुरुवात झाली होती. आता पाच जागा सापडल्या, आणि त्यांतल्या तीन चेहऱ्यावर आहेत.

यानंतर मोड परत Normal करून वरच्या लेयरला मास्क लावावा आणि मऊ काळ्या ब्रशने या पाचही जागा रंगवाव्यात. रंगवलेल्या ठिकाणी अ‍ॅपचा फोटो बाजूला होतो आणि खालचा मूळ फोटो दिसू लागतो. सहावं बोट पुसावं लागत नाही, कारण मूळ फोटोत ते नव्हतंच. मास्कचा फायदा असा की काहीच कायमचं नष्ट होत नाही. जास्त रंगवलं गेलं तर पांढऱ्या ब्रशने परत आणता येतं.

यावर एक खरी अडचण येते आणि बहुतेक लोक इथेच हार मानून पुन्हा नवा हात बनवायला जातात. चेहरा धारदार आणि हात धूसर, त्यामुळे फोटो दोन माणसांचा जोडल्यासारखा दिसतो. यावरचा उपाय हाताला चेहऱ्याइतकं धारदार करणं हा नाही. चेहऱ्यालाच हाताच्या पातळीवर खाली आणावं. अ‍ॅपच्या लेयरची अपारदर्शकता चाळीस-पन्नास टक्क्यांवर आणली की डोळे-नाक उजळ राहतात, पण मूळ चेहऱ्याची ठेवण खालून वर येते. मग सगळ्यात वर, पूर्ण फोटोवर, एकरंगी बारीक दाणा टाकावा. जुन्या फोटोत फिल्मचा दाणा असतोच. तो चेहऱ्यावर आणि हातावर सारखा पडला की डोळा दोन्हींना एकाच फोटोचे भाग मानतो. दाणा किती टाकायचा हे मॉनिटरवर ठरवू नये. हाताचा आणि चेहऱ्याचा भाग खऱ्या मापात एका छोट्या कागदावर छापून, हात लांब करून बघावा.

दोन बोटं चिकटलेलीच दिसत असतील, पण मूळ फाइलमध्ये त्यांच्यामधली रेषा पुसट का होईना आहे, तर खालच्या लेयरची प्रत करून तिच्यावर Burn हत्याराने अगदी कमी जोर लावून तीच रेषा थोडी गडद करावी. असलेल्या खुणेला उठाव देणं आणि नसलेली खूण काढणं, यांतली सीमा दुरुस्ती करणाऱ्याला स्वतःलाच सांभाळावी लागते. अ‍ॅपचा लेयर लपवून त्या प्रतीला Difference लावून बघितलं की ती ओलांडली का, ते कळतं.

५. मूळ फोटोतही बोट नसेल तर

कधी बुरशीने, कधी चिकटपट्टीने मूळ प्रिंटवरचा हातच गेलेला असतो. परत जायला काही उरलेलंच नसतं. अशा वेळी माझी पसंती ठरलेली आहे. आधी त्याच माणसाचा दुसरा फोटो शोधावा, शक्यतो त्याच समारंभातला. त्या हाताची ठेवण आणि उजेड जुळला तर तो उसना घ्यावा. त्याच फोटोतला दुसरा हात उलटा करून लावायचा मोह होतो, पण त्यात सावली उलट्या बाजूला पडते, आणि बांगड्या-अंगठ्याही भलत्या हातात जातात.

तेही नसेल तर फोटो कोपराच्या वर कापावा. फ्रेम आठ बाय दहाची करावी, म्हणजे चेहरा उगाच फार मोठा करावा लागत नाही. हात नसलेला खरा फोटो हा खोट्या हाताच्या फोटोपेक्षा केव्हाही चांगला. घरच्यांना हात हवाच असेल, तर तो काढावा आणि काढला आहे असं त्यांना स्पष्ट सांगावं.

आक्षेप

पहिला आक्षेप भावनेचा आहे. दुःखात असलेल्या घराला आजी छान, तरतरीत दिसल्या तर बिघडलं कुठे? त्यांना आवडलं म्हणजे झालं. या आक्षेपाबद्दल मला आदर आहे. पण आवडलं हे कधी आणि कशावर ठरतं? रात्री मोबाइलच्या चार बोटं रुंदीच्या पडद्यावर, रडून सुजलेल्या डोळ्यांनी. तिथे चकाकीच दिसते. दोन्ही फोटो छापून शेजारी शेजारी ठेवले, आणि कुठला अ‍ॅपचा हे न सांगता ज्यांनी आजींबरोबर संसार केला त्यांना विचारलं, तर मिळणारं उत्तर जास्त खरं असेल. त्यांनी तरीही चकचकीत फोटो निवडला तर तो त्यांचा अधिकार आहे. दुकानदाराने मात्र त्यांच्या वतीने गुपचूप निवडू नये. शिवाय फ्रेम फक्त आजच्यासाठी नसते. ज्या पणतीने आजींना पाहिलं नाही, तिच्यासाठी ती फ्रेमच आजी असणार आहे.

दुसरा आक्षेप परंपरेचा. पूर्वीचे फोटोग्राफरही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवत, काळ्या-पांढऱ्या फोटोंना हाताने रंग देत, दागिन्यांवर सोनेरी छटा भरत. मग अ‍ॅपलाच दोष का? फरक दोन आहेत. रंगवणारा माणूस फोटोत दिसत असलेल्या चेहऱ्यावर काम करी, आणि त्याचा हात कुठे चालला हे बघणाऱ्याला ओळखू येई. रंगवलेला फोटो रंगवलेला म्हणूनच भिंतीवर लागे. दुसरं म्हणजे काय बदललं हे त्याला स्वतःला ठाऊक असे. गालाची सुरकुती घालवली का, असं विचारलं तर तो हो म्हणू शके. अ‍ॅपचं बटण दाबणाऱ्याला गोंदण गेल्याचा पत्ताही नसतो.

तिसरा आक्षेप वेळेचा: सकाळी सातला फ्लेक्स लावायचा असतो, कोण हे लेयर-मास्क करत बसणार? पण नवा हात मागत राहण्यातही रात्र जाते, आणि त्याला शेवट नसतो. पाच जागांचा मास्क रंगवणं सरावलेल्या माणसाला चहा निवायच्या आत होतं. फ्लेक्सबद्दल तर हा आक्षेप मुळातच उलटा आहे. चौकात उंचावर लागणारा फ्लेक्स फ्रेमपेक्षा कितीतरी लांबून बघतात. त्याला धारदार बोटांची गरज सगळ्यात कमी.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आज ना उद्या खरा ठरणार आहे. अ‍ॅप सुधारत आहेत, थोड्याच काळात बोटं बिघडायची थांबतील, मग हा सगळा वाद कशाला? बोटं बिघडायची थांबतील, हे मान्य. पण नऊ पिक्सेलमध्ये नसलेली माहिती कुठल्याही सुधारणेने तयार होत नाही. सुधारतो तो अंदाजाचा सफाईदारपणा. उद्याचं अ‍ॅप आजींना सहावं बोट देणार नाही. तर्जनीचं टोक मात्र अधिकच बेमालूम लावून देईल. आज निदान एखादं वाकडं बोट आपल्याला हटकतं. ते हटकणं बंद झाल्यावर तपासणीची गरज जास्त लागेल, कमी नाही. न्यायालयांनाही हे कळलं आहे: २०२४ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका खून खटल्यात ए.आय.ने स्पष्ट केलेला व्हिडिओ न्यायाधीशांनी पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. मूळ व्हिडिओत नसलेली गोष्ट त्यात दिसू शकते, हा प्रश्न तिथेही होता.

म्हणून काम पोचतं करताना दुकानातून दोन फाइली जाव्यात, एक नाही. आजींच्या बाबतीत एकीच्या नावात ‘मूळ’ असावं: नातवाने पाठवलेली किंवा स्कॅन केलेली, हात न लावलेली. दुसरीच्या नावात ‘दुरुस्त’ आणि साल असावं. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहावं: चेहरा अ‍ॅपने उजळला आहे, हात आणि गोंदण मूळ फोटोतले आहेत. पुढेमागे अल्बममधला तो चार बाय सहाचा फोटो किंवा त्याचं निगेटिव्ह सापडलं, तर कुठल्या जागा पुन्हा बघायच्या हे त्या ओळीवरून कळेल.